टोपल्यांचे २४ संच: परदेशातून येणाऱ्या चाचणी ऑर्डरच्या पत्रात काय लिहायचं आणि का

परदेशातल्या एका छोट्या आयातदाराला घरी क्रोशानं टोपल्या विणणाऱ्या एका बाईंचं काम आवडतं. जाड सुती दोरीच्या, गोल, झाकण नसलेल्या टोपल्या. एकदम मोठी ऑर्डर द्यायची त्याची तयारी नाही आणि ते शहाणपणाचंच आहे. म्हणून तो चाचणी ऑर्डरचं पत्र लिहितो. बहुतेक वेळा पहिला मसुदा साधारण असा असतो:

> तुमच्या टोपल्या फार आवडल्या. मोठी, मधली आणि लहान अशा तीन मापांत, फोटोत आहे तशा फिकट मातकट रंगात, चांगल्या दर्जाच्या टोपल्या हव्या आहेत. तिन्ही एकात एक बसायला हव्यात. सुरुवातीला २४ संच पाठवाल का? लवकरात लवकर मिळाले तर बरं होईल.

पत्र सभ्य आहे, हेतूही स्वच्छ आहे. पण यावरून काम सुरू केलं तर भांडण होण्याची शक्यता मोठी. ‘मोठी’, ‘फोटोत आहे तशी’, ‘चांगल्या दर्जाची’, ‘एकात एक’ आणि ‘लवकरात लवकर’ या पाचही शब्दांचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा आहे आणि तो वेगळा आहे हे माल पोहोचेपर्यंत कुणालाच कळत नाही. हे शब्द एकेक करून उलगडू. सगळ्यात जास्त वेळ मापावर घालवू, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी मापातूनच निघतात.

आयातदार म्हणतो, मोठी टोपली २० सेंटीमीटर व्यासाची. पहिला प्रश्न असा, की हा व्यास आतून की बाहेरून? पाच मिलिमीटर दोरीनं विणलेली भिंत साधारण एक सेंटीमीटर जाड होते. म्हणजे बाहेरून २० सेंटीमीटर असलेली टोपली आतून १८च भरते. दुसरा प्रश्न, माप तळाशी घ्यायचं की तोंडाशी? विणलेली टोपली तोंडाकडे थोडी पसरते किंवा आवळते. म्हणून पत्रात आकड्याबरोबर माप घ्यायची रीतही लिहावी लागते: टोपली सपाट टेबलावर ठेवायची, हातानं न दाबता, बाहेरून, तळापासून अर्ध्या उंचीवर, एकमेकांना काटकोनात दोनदा मोजायचं आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यायची. इतकं लिहिलं की दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या टेपांनी मोजलं तरी उत्तर जवळपास एकच येतं.

आता खरी अडचण. हातानं विणलेली कोणतीही वस्तू नेमकी २० सेंटीमीटरची होत नाही आणि त्यात विणणारीचा दोष नसतो. क्रोशात माप ठरतं ते टाक्यांच्या संख्येवर आणि विणीच्या ताणावर. समजा टोपलीचा तळ ६ मुक्या खांबांनी, म्हणजे आखूड घट्ट टाक्यांनी, सुरू केला आणि दर फेरीत ६ टाके वाढवले. अकराव्या फेरीत ६६ टाके होतात आणि तिथून भिंत सरळ वर जाते. विणणारीच्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये १० टाके बसत असतील तर परीघ ६६ सेंटीमीटर, म्हणजे व्यास २१. हात थोडा घट्ट असेल आणि साडेदहा टाके बसत असतील तर परीघ सुमारे ६३ सेंटीमीटर, व्यास २०. आणखी घट्ट, म्हणजे ११ टाके बसले, तर व्यास १९ सेंटीमीटरच्या आसपास येतो. दहा सेंटीमीटरमध्ये अर्धा टाका इकडेतिकडे झाला की अख्ख्या टोपलीचा व्यास एक सेंटीमीटरनं बदलतो. घरात दोघी मिळून विणत असतील तर दोघींच्या हातात एवढा फरक सहज असतो. एकाच बाईचा हातसुद्धा सकाळी आणि रात्री दमल्यावर सारखा चालत नाही.

म्हणून मापाला मुभा द्यावीच लागते. ती किती द्यायची, हे मात्र ‘थोडंफार चालेल’ असं म्हणून ठरत नाही. ते टोपली कशात बसायची आहे यावरून ठरतं. इथे तिन्ही टोपल्या एकात एक बसायला हव्यात. मोठी बाहेरून २० ते २१ सेंटीमीटर धरली तर आतून ती किमान १८ असेल. मग मधलीचं बाहेरचं माप कधीच १८ला पोहोचता कामा नये. ती साडेसोळा ते साडेसतरा धरली तर सगळ्यात लहान मोठी आणि सगळ्यात मोठी मधली एकत्र आल्या तरी अर्धा सेंटीमीटर जागा उरते. तसंच लहान टोपली १३ ते १४, कारण मधलीचं आतलं माप कमीत कमी साडेचौदा आहे. उंचीलाही हाच हिशोब लागतो. आतल्या टोपलीखाली बाहेरच्या टोपलीचा एक सेंटीमीटर जाड तळ येतो, तेव्हा तेवढं सोडून उंची ठरवायची: मोठी साडेसतरा ते साडेअठरा, मधली १५ ते १६, लहान १३ ते १४.

तिन्ही मापांना सरसकट ‘अधिक-उणे एक सेंटीमीटर’ लिहून मोकळं होणारे आयातदार असतात. मोठी २०, मधली १७ असं लिहून ती मुभा लावून पाहा. मोठी १९ची आली, आतून १७. मधली १८ची आली. दोन्ही टोपल्या पत्राप्रमाणे बरोबर आणि एकीत दुसरी जात नाही. विणणाऱ्या बाईंनी सांगितलं ते केलं, आयातदाराला मिळालं ते विकता येत नाही, आणि चूक पत्राची. मुभा लिहिताना दोन्ही टोकांची मापं एकमेकांशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आयातदारानंच द्यायला हवीत, कारण तिन्ही मापं त्याची आहेत.

पत्रात आणखी एक सोय करता येते. टोपली पूर्ण झाल्यावर मोजून उपयोग नसतो, तेव्हा अडीच तास गेलेले असतात. तळ पूर्ण झाला की तिथेच मोजायचं. ६६ टाक्यांच्या फेरीनंतर तळ सपाट ठेवून तो २० ते २१मध्ये आहे का ते पाहायचं. नसेल तर उसवायला पंधरा-वीस मिनिटांचंच काम असतं आणि सुई अर्ध्या मिलिमीटरनं बदलून पुन्हा सुरुवात करता येते. तळ वाटीसारखा वर वळत असेल तर वाढीचे टाके कमी पडलेत. कडेला लहरी येत असतील तर जास्त झालेत. अनुभवी विणणारीला हे सांगावं लागत नाही, पण ‘तळ सपाट टेबलावर ठेवल्यावर टोपली डुलू नये’ ही ओळ पत्रात हवी. माल नाकारण्याचं ते एक कारण असू शकतं आणि ते दोघांनाही आधी माहीत असलं पाहिजे.

इथेच टाक्यांच्या नावांबद्दल एक सावधगिरी. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकी पुस्तकांत सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पुस्तकांत डबल क्रोशे म्हणतात. आयातदारानं इंग्रजीत ‘डबल क्रोशे’ लिहिलं आणि वाचणारीनं अमेरिकी अर्थानं घेतलं, तर मुक्या खांबाऐवजी खांब विणले जातील. भिंत उंच टाक्यांची, सैल आणि मऊ होईल, टोपली उभी राहणार नाही. टाक्याचं नाव लिहूच नका असं माझं म्हणणं नाही. पण नावाबरोबर दहा टाक्यांचा जवळून काढलेला फोटो जोडला की शंका उरत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात: फोटोवर कधीही विसंबू नये. तीच दोरी खिडकीपाशी एका रंगाची दिसते, पिवळ्या दिव्याखाली दुसऱ्या, आणि प्रत्येक फोनचा पडदा त्यात आपली भर घालतो. आयातदारानं हव्या त्या रंगाच्या दोरीचा किंवा कापडाचा तुकडा टपालानं पाठवावा, किंवा बाईंनी मिळणाऱ्या तीन-चार छटांचे तुकडे पाठवून त्यानं एक निवडावी. मला दुसरा मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो. घरून काम करणारी बाई वीस किलो दोरीसाठी खास रंग लावून घेऊ शकत नाही. तिला बाजारात असलेल्यातूनच घ्यावं लागतं.

वीस किलो कुठून आले? मोठीला साधारण ३५० ग्रॅम दोरी लागते, मधलीला २५०, लहानीला १७०. एका संचाला ७७० ग्रॅम, चोवीस संचांना साडेअठरा किलो, आणि उसवणं, तुकडे, एखादी फसलेली टोपली धरून वीस किलो. हा आकडा पत्रात असायला हवा, कारण दोरी एकाच वेळी, एकाच रंगाईच्या खेपेतली घ्यायची असते. तोच रंग, तोच कारखाना असूनही दोन खेपांमध्ये छटेचा फरक पडतो. दोरी वेगवेगळी ठेवली तर तो दिसत नाही. पण एकाच संचात एक टोपली एका खेपेची आणि दुसरी दुसऱ्या खेपेची आली की गिऱ्हाईक ते पहिल्या नजरेत पकडतं. नाइलाजानं दोन खेपा घ्याव्याच लागल्या तर पत्रात एवढंच सांगावं: एका संचातल्या तिन्ही टोपल्या एकाच खेपेच्या दोरीच्या असाव्यात. रंग सुटतो का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ओल्या पांढऱ्या सुती फडक्यानं दोरी वीसेक वेळा घासायची आणि फडकं बघायचं.

‘चांगला दर्जा’ हा शब्द पत्रातून काढून टाकावा. त्याच्या जागी नमुना ठेवावा. आयातदार एक संच पैसे देऊन करून घेतो. त्यात बदल हवे असतील तर सांगतो आणि शेवटी जो संच मान्य होतो, तो मान्य नमुना. बरेच जण इथे एक गोष्ट विसरतात. मान्य नमुना आयातदाराकडे जातो आणि बाईंकडे काहीच उरत नाही. महिन्याभरानं त्या आठवणीवर विणतात. म्हणून नमुन्याचे दोन सारखे संच करायचे, दोन्हींना तारीख आणि सही असलेली चिठ्ठी बांधायची, एक इकडे, एक तिकडे. दुसऱ्या संचाचे पैसेही आयातदारानंच द्यावेत. वाद झाला तर दोघंही आपापल्या टेबलावर तीच वस्तू ठेवून बोलू शकतात.

नमुना सगळं सांगत नाही, म्हणून दोष कशाला म्हणायचं हे शब्दांत लिहावं लागतं. माझ्या मते इथे दोन गट पुरतात. पहिल्या गटात एकही दोष चालणार नाही: माप मुभेबाहेर, टोपली डुलणं, डाग किंवा वास, बाहेरून दिसणारी गाठ, आत पाच सेंटीमीटरपेक्षा कमी ओवलेलं आणि म्हणून सुटू शकणारं दोरीचं टोक. दुसऱ्या गटात हातकामाचा स्वभाव येतो आणि तो दोष धरायचा नाही: टाक्यांच्या उंचीत किंचित फरक, नैसर्गिक सुतातला एखादा बारीक ठिपका, गोल फेऱ्यांमध्ये टाके एका बाजूला हळूहळू सरकल्यासारखे दिसणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. न उलटता गोल विणत गेलं की मुक्या खांबांची रांग तिरकी चढते, ते त्या विणीचं अंगच आहे. ज्याला हे माहीत नाही तो आयातदार ‘टोपल्या पिळवटलेल्या आल्या’ अशी तक्रार करतो. दुसरा गट लिहिलेला असेल तर विणणाऱ्या बाईंना त्या तक्रारीला उत्तर देता येतं.

आता ‘एकात एक’कडे पुन्हा यायचं, कारण आयातदाराला ती अट सुचली ती दिसण्यासाठी, पण तिचा खरा फायदा भाड्यात आहे. टोपली हलकी आणि पोकळ. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन काढायला खोक्याची बाहेरची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५०००नं भागतात. समजा खोकं ६५ × ४४ × ४० सेंटीमीटरचं आहे. गुणाकार १,१४,४०० आणि भागाकार जवळपास २३ किलो. त्यात मोठ्या टोपल्या एका थरात ३ × २ अशा सहा आणि दोन थर, म्हणजे बारा बसतात. प्रत्येकीच्या पोटात मधली, तिच्या पोटात लहान. खोक्यात १२ संच, ३६ टोपल्या, प्रत्यक्ष वजन खोक्यासकट साडेदहा किलो. भाडं लागतं २३ किलोचं. चोवीस संचांची दोन खोकी, ४६ किलोचं भाडं. याच ७२ टोपल्या सगळ्या मोठ्या मापाच्या असत्या तर सहा खोकी आणि १३७ किलोचं भाडं लागलं असतं. चाचणी ऑर्डर २४ संचांचीच का, याचं उत्तरही इथेच आहे: दोन खोकी पूर्ण भरतात. पंचविसावा संच घेतला तर त्याच्यासाठी तिसरं खोकं लागेल.

खोक्याची आतली लांबी ६४ सेंटीमीटर आहे. मोठी टोपली २१ची आली तरी तीन मिळून ६३ होतात. २२ची आली तर ६६, म्हणजे कोंबाव्या लागतील आणि पोहोचेपर्यंत अंडाकृती होतील. मापाची वरची मर्यादा २१ ठेवण्याचं हे दुसरं कारण. पत्रात खोक्याचं माप, थर आणि दोन थरांमध्ये एक पुठ्ठा असं लिहावं, आणि सूत ओलसर असताना भरू नये हेही. सुती दोरी हवेतला ओलावा धरते. बंद प्लॅस्टिकमध्ये दोन आठवडे राहिली की बुरशीचा वास येतो आणि तो धुऊनही सहज जात नाही. टोपल्या सावलीत दोन दिवस मोकळ्या ठेवून मगच भरायच्या. पावसाळी हवेत ते दोन दिवस वाढवायला मुभा हवी.

‘लवकरात लवकर’चा हिशोब आयातदारानं स्वतः करून पाहावा. मोठी टोपली अडीच तास, मधली पावणेदोन, लहान सव्वा तास. संचाला साडेपाच तास, चोवीस संचांना १३२ तास. दोघी जणी घरचं सांभाळून रोज चार-चार तास विणतात असं धरलं तर साडेसोळा दिवस निव्वळ विणण्याचे. त्यात दोरी आणणं, टोकं ओवणं, मोजणं, वाळवणं, भरणं आणि आजारपणाचा एखादा दिवस घातला की पाच आठवडे होतात. ‘नमुना मान्य झाल्यापासून आणि आगाऊ रक्कम मिळाल्यापासून पाच आठवडे’ असं लिहावं. दिवस कधीपासून मोजायचे हे लिहिलं नाही तर नमुन्याला उत्तर द्यायला आयातदारानं घेतलेले दहा दिवसही विणणाऱ्या बाईंच्या खाती जमा होतात, आणि असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

पैशांबद्दल अवघड काही नाही, पण संकोच फार असतो. वीस किलो दोरी स्वतःच्या पैशांनी भरून ठेवणं घरून काम करणाऱ्या बाईंना परवडत नाही. निम्मी रक्कम आधी, उरलेली माल तयार झाल्यावर, पाठवण्यापूर्वी, हे दोघांनाही झेपतं. आयातदाराची भीती अशी, की न बघता पैसे कसे द्यायचे. त्यावर उपाय असा: प्रत्येक खोक्यातून त्यानं सांगितलेल्या चार संचांचे, टेप लावलेले फोटो आणि बंद खोकी काट्यावर ठेवलेला फोटो. वजन साडेदहा किलोऐवजी साडेआठ दिसलं तर टोपल्या कमी आहेत किंवा वीण सैल आहे, हे न उघडता कळतं.

भाडं, कुरियर ठरवणं, विमा आणि तिकडचं आयात शुल्क कुणी भरायचं, हे एका वाक्यात स्पष्ट लिहावं. चाचणी ऑर्डरीत आयातदारानं स्वतःच्या खात्यावर कुरियर ठरवावा आणि बाईंनी दारात खोकी व कागद द्यावेत, हे सगळ्यात सोपं. बिलावर ‘हस्तकला’ असं मोघम न लिहिता ‘सुती दोरीची क्रोशानं विणलेली टोपली’ असं लिहावं आणि खरी किंमत टाकावी. शुल्क वाचवायला ‘भेटवस्तू’ लिहा असं आयातदारानं सुचवलं तर नकार द्यावा. सही बाईंची असते. लेबलवर काय छापायचं, सुताचं प्रमाण, धुण्याच्या खुणा, कुठल्या देशात बनवलं, हे नियम माल विकला जाणार तिथले असतात. ते शोधून, छापायचा मजकूर अक्षरशः पत्रात देणं हे आयातदाराचं काम.

एवढं धरून पत्राचा गाभा असा होतो:

> नमस्कार ताई. चाचणी म्हणून २४ संच हवे आहेत, प्रत्येक संचात तीन टोपल्या. मापं, माप घ्यायची रीत आणि न चालणारे दोष सोबतच्या पानावर आहेत. आधी दोन सारखे नमुना संच करावेत, दोन्हींचे पैसे मी देईन. एक तुमच्याकडे राहील. दोरी एकाच खेपेची घ्यावी, सुमारे २० किलो. नमुना मान्य झाला की निम्मी रक्कम पाठवतो, तिथपासून पाच आठवडे. यातलं एखादं माप तुमच्या हाताला जमत नसेल किंवा दिवस कमी पडत असतील तर काम सुरू करण्याआधी सांगा, आपण बदलू. सुरू झाल्यावर मला काही बदलायचं असेल तर वाढीव वेळ आणि खर्च तुम्ही सांगाल तो विचारात घेऊन लेखी ठरवू.

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. परदेशातून पत्र आलं की ‘होत नाही’ म्हणायला विणणारी कचरते, आणि तिचं न बोललेलं ‘नाही’ पाच आठवड्यांनी खोक्यातून बाहेर येतं.

माल पोहोचल्यावर आयातदारानं सगळ्या ७२ टोपल्या मोजाव्यात. इतक्या कमी संख्येत नमुन्यादाखल तपासण्याचं कारण नाही. आकडे कागदावर मांडून बाईंना पाठवावेत, तक्रार नसली तरी. समजा लहान टोपल्यांपैकी नऊ १४च्या वर गेल्या आणि मोठ्या सगळ्या नीट आल्या. मग हात सैल नाही, लहान टोपलीच्या तळाची एक फेरी जास्त आहे किंवा तिला वेगळ्या सुईची गरज आहे, एवढं त्या कागदावरून कळतं, आणि पुढच्या पत्रात फक्त तेवढी एक ओळ बदलावी लागते.